इमोजी-लघुरूप

मोबाइलच्या कीबोर्डमध्ये आधी नोंदवून ठेवलेली एखादी छोटी अक्षरमाला टंकित केली असता तिच्या जागी ठरवून दिलेली इमोजींची मालिका आपोआप किंवा सूचनेच्या रूपाने येते, त्या सोयीला इमोजी-लघुरूप म्हणता येईल. मुळात ही सोय पत्ता, ईमेल किंवा नेहमीचे वाक्य पुन्हा पुन्हा टंकावे लागू नये यासाठी असते. इमोजी हीही संगणकाच्या दृष्टीने अक्षरेच असल्यामुळे तीच सोय त्यांनाही लागू पडते.

आयफोनवर लघुरूपे `Settings` › `General` › `Keyboard` › `Text Replacement` येथे नोंदवली जातात. तेथील अधिकचिन्ह दाबल्यावर दोन रकाने येतात. `Phrase` या रकान्यात जे उमटायचे ते, म्हणजे इमोजींचा कीबोर्ड उघडून निवडलेली मालिका भरायची असते, तर `Shortcut` या रकान्यात जे टंकायचे ते लघुरूप लिहायचे असते आणि त्यात मोकळी जागा चालत नाही. अँड्रॉइडवरील जीबोर्डमध्ये हेच काम त्याच्या सेटिंगमधील `Dictionary` › `Personal dictionary` येथे होते. तेथे आधी भाषा निवडावी लागते, मग वरच्या ओळीत मालिका आणि खालच्या ओळीत लघुरूप भरले जाते. या दोन पद्धतींतील खरा फरक वापरताना जाणवतो: आयफोनवर लघुरूपानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह येताच विस्तार आपोआप होतो, तर जीबोर्डवर मालिका कीबोर्डवरील सूचनापट्टीत दिसते आणि ती बोटाने निवडावी लागते.

गणेशोत्सवातील शुभेच्छांचे उदाहरण घेतल्यास `gbm` या लघुरूपासमोर 🙏🏽🌺🥁 ही मालिका, म्हणजे जोडलेले हात, जास्वंदीचे फूल आणि ढोल, नोंदवता येते. डोळ्यांना ही तीन चित्रे दिसत असली तरी साठवले जातात ते चार संकेतांक. जगातील लिप्यांना व चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत प्रत्येक चिन्हाचा असा क्रमांक ठरलेला असतो:

```
1F64F 1F3FD 1F33A 1F941
```

यांतील दुसरा संकेतांक त्वचेच्या छटेचा आहे. अशा पाच छटा 2015 मध्ये युनिकोडच्या 8.0 या आवृत्तीत आल्या आणि त्या आधीच्या चित्राला चिकटून येतात. नोंद करताना निवडलेली छटा मालिकेत कायमची बसते, त्यामुळे पुढे इमोजी-कीबोर्डवर वेगळी छटा निवडली तरी लघुरूपातून जुनीच उमटत राहते आणि ती बदलण्यासाठी मूळ नोंदच दुरुस्त करावी लागते.

लघुरूपाची निवड हा या सोयीतील सर्वांत नाजूक भाग होय, कारण कीबोर्ड अर्थ पाहत नाही, फक्त अक्षरे जुळवतो. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याने `pan` किंवा `kay` असे लघुरूप ठरवल्यास ‘पण’ आणि ‘काय’ लिहिताना आयफोनवर दर वेळी नको असलेली चित्रे उमटतील. म्हणून मराठी वा इंग्रजी कोणत्याही शब्दाशी न जुळणारी, `gbm` सारखी स्वरहीन किंवा `xdiv` सारखी आधी एक वेगळे अक्षर लावलेली रूपे निर्धोक ठरतात. नको असताना विस्तार सुचवला गेल्यास आयफोनवर तो दाखवणाऱ्या लहान बुडबुड्याला स्पर्श करून तेवढ्यापुरता नाकारता येतो.

मराठी वापरकर्त्याला भेडसावणारी आणखी एक अडचण लिपीची असते. रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटवणाऱ्या कीबोर्डवर `gbm` ही अक्षरे लिप्यंतरात ओढली जातात, त्यामुळे रोमन लघुरूप मनासारखे सापडेल याची खात्री राहत नाही. अशा वेळी इंग्रजी कीबोर्डकडे वळावे, किंवा ‘गबम’ असे देवनागरी लघुरूप वेगळे नोंदवावे. जीबोर्डमध्ये नोंद एका भाषेखाली केली असल्यास ती दुसऱ्या भाषेत दिसेलच असे नसते, म्हणून यादीतील `All languages` हा पर्याय सोयीचा पडतो.

मालिका पाठवणाऱ्याच्या पडद्यावर नीट दिसली तरी वाचणाऱ्याच्या जुन्या फोनवर बिघडू शकते. दिव्याचे 🪔 हे चिन्ह 2019 च्या 12.0 आवृत्तीतले असल्याने त्याआधीच्या प्रणालीवर त्या जागी रिकामा चौकोन येतो. शेतकरी स्त्रीचे 👩‍🌾 हे चित्र स्त्री आणि भाताची लोंबी यांना `200D` या अदृश्य सांधकाने जोडून बनते, आणि तो सांधा न ओळखणाऱ्या फोनवर ही दोन चित्रे सुटी होऊन शेजारी-शेजारी दिसतात. अशी फूट दिसली तर दोष लघुरूपाच्या नोंदीत नसून समोरच्या फोनमध्ये असतो, म्हणून अनेकांना पाठवायच्या मालिकेत जुनी, साधी चिन्हे ठेवणे अधिक चांगले.