हरिपाठाचा पहिला अभंग आणि फ्रेंच तळटिपा



हरिपाठाचा पहिला अभंग आपण रोज म्हणतो. तोंडपाठ झालेल्या गोष्टीचे असे होते, की तिच्यात आपल्याला अडायला काही उरत नाही. परक्या मुलखातला माणूस मात्र पावलोपावली अडतो, आणि तो अडला म्हणजे आपल्यालाही थांबावे लागते. माझ्या बाबतीत असेच घडले, म्हणून हे लिहितो.

आमच्या पाथर्डीच्या दिंडीतल्या एका जुन्या वारकऱ्याची नात फ्रान्सात शिकते. एके दिवशी तिचा फोन आला, "बाबा, इथल्या ग्रंथालयात आपला हरिपाठ फ्रेंचमध्ये आहे!" मला नवल वाटले. मग तिने माहिती काढून सांगितली. शार्लोत व्होदव्हील नावाच्या विदुषी होत्या. कबीरांवर त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांनी ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे फ्रेंच भाषांतर केले आणि ते 1969 साली पॅरिसमधून प्रसिद्ध झाले. त्याच्याही आधी, 1956 साली, गी दल्यूरी या जेज्विट पंथाच्या अभ्यासकाने तुकोबारायांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले होते. पुढे पंढरीच्या विठोबावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1960 साली छापला.

दोन्ही पुस्तकांची नावेच पाहा. दल्यूरींनी तुकोबांच्या अभंगांना जे नाव दिले, त्याचा अर्थ 'यात्रेकरूची स्तोत्रे' असा होतो. स्तोत्रासाठी वापरलेला त्यांचा शब्द बायबलातला आहे, म्हणून फ्रेंच वाचकाला तो लगेच कळतो. पण यात्रेकरू आणि वारकरी एक नव्हेत. यात्रा एकदा केली तरी पुरी होते, वारी पुन्हापुन्हा करायची असते. फ्रेंच शब्दात हा 'पुन्हा' येत नाही, तिथे टीप द्यावीच लागते. व्होदव्हीलबाईंनी ग्रंथाला नाव दिले 'लँव्होकासियों', म्हणजे 'आवाहन', हाक मारणे. पाठ या शब्दाचा सरळ अर्थ घोकणे, म्हणणे. त्याऐवजी हाक हा शब्द घेतल्याने अक्षर सुटले, पण नामाचे वर्म हाती राहिले, असे मला वाटते.

मुलगी म्हणाली, "मी स्वतः पहिला अभंग फ्रेंचमध्ये करून पाहते. टिपांसाठी तुम्ही सांगा." मी हो म्हटले. चार चरणांचा तर अभंग, त्याला टिपा त्या किती लागणार? आम्हाला तीन रविवार लागले.

पहिल्या चरणात दाराशी घटकाभर थांबणाऱ्याला चारही मुक्ती लाभतात असे आहे. अभंगात नुसता आकडा आहे, नावे नाहीत. आपल्याकडे ऐकणाऱ्याला ती ठाऊक असतात: देवाच्या लोकी राहणे ती सलोकता, जवळ राहणे ती समीपता, त्याचे रूप मिळणे ती सरूपता आणि त्याच्यात मिळून जाणे ती सायुज्यता. फ्रेंचमध्ये मुक्तीला 'सुटका' अशा अर्थाचा शब्द आहे, पण सुटका चार प्रकारची कशी असेल, असे तिथला वाचक विचारणारच. म्हणून पहिली टीप इथे पडली.

मग तिने विचारले, "बाबा, हे दार कशाचे? देवळाचे की मनाचे?" टीकाकारांनी दोन्ही अर्थ केले आहेत. कोणी नाम हेच दार म्हणतात, कोणी अंतःकरण म्हणतात. मी तिला सांगितले, भाषांतरात साधे दारच ठेव, अर्थ टिपेत दे. पण टिपेत आणखी एक गोष्ट लिही. पंढरीत महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. त्यांना आत जाता आले नाही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली ते देऊळ सर्वांना उघडे झाले. तोवर कित्येक वारकऱ्यांना दाराशी उभे राहणे एवढेच शक्य होते. त्यांनी हा चरण म्हटला, तेव्हा दार हा शब्द त्यांना रूपक म्हणून ऐकू आला नसेल. ती बराच वेळ बोलली नाही.

तिसऱ्या चरणात वेदशास्त्रे हात उंचावून सांगतात असे आहे. तिकडच्या वाचकाला हात वर करणे म्हणजे शरण येणे किंवा आकाशाकडे पाहून प्रार्थना करणे वाटेल. आपल्याकडे ती ग्वाही आहे, शपथेवर सांगणे आहे. महाभारताच्या शेवटी, स्वर्गारोहणपर्वात, स्वतः व्यास हात उंचावून आक्रोश करतात की धर्माचे सांगतो, पण कोणी ऐकत नाही. ही टीप दिल्यावाचून फ्रेंच ओळ उलटाच अर्थ सांगेल.

आणि आता माझी स्वतःची फजिती सांगतो. शेवटच्या चरणात ज्ञानदेव व्यासांची खूण देतात की द्वारकेचा राजा पांडवांच्या घरी राहिला. या ठिकाणी मी आयुष्यभर एकच दृष्टांत दिला: राजसूय यज्ञात भगवंताने उष्ट्या पत्रावळी उचलल्या. श्रोत्यांचे डोळे भरून येत. मुलीला मी तेच सांगितले आणि म्हणालो, "लिही, व्यासांनी सांगितले आहे." ती म्हणाली, "बाबा, टीप लिहायची तर पर्व आणि अध्याय लागेल."

मी सभापर्व काढून बसलो. तिथे श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम स्वतःकडे घेतले, असे आहे. पत्रावळींचे नाही. ती कथा संतांच्या आणि कीर्तनाच्या परंपरेतली, भावाला खरी, पण व्यासांच्या नावावर मी ती खपवली होती. मग व्यासांची खूण कोणती? ती भागवतात सापडली, सातव्या स्कंधाच्या दहाव्या अध्यायात. प्रल्हादाची कथा सांगून झाल्यावर नारद युधिष्ठिराला म्हणतात की तुम्ही मोठे भाग्यवान, साक्षात परब्रह्म माणसाच्या रूपात गुप्तपणे तुमच्या घरी राहते. अभंगाचा शेवट तंतोतंत हाच आहे. शिवाय त्याने पहिल्या चरणाचाही उलगडा होतो. आरंभी भक्त देवाच्या दाराशी थांबलेला आहे आणि शेवटी देव भक्ताच्या घरात आहे. पत्रावळींच्या कथेत रमल्यामुळे हे टोकाला टोक जुळणे मला कधी दिसलेच नव्हते.

म्हणून टीप अशी झाली: आधी भागवताचा संदर्भ, मग सभापर्वातले पाय धुणे, आणि शेवटी 'कीर्तनात अशीही कथा सांगतात' म्हणून पत्रावळी. कथा गाळली नाही, तिची जागा तेवढी तिला दिली.

आपल्या कीर्तनातही चरणाला प्रमाण द्यावे लागते. तळटीप तरी दुसरे काय आहे? फरक एवढाच, की कीर्तनात प्रमाण कानावरून जाते आणि श्रोता माना डोलावतो. कागदावर ते खाली बसून राहते, कोणीही उघडून ताडून पाहू शकतो.

आता गळा साथ देत नाही, कीर्तन सुटले. पण आषाढीच्या आधी गावातली पोरे हरिपाठाला बसतात, तेव्हा शेवटच्या चरणावर मी त्यांना आधी नारदांचे बोलणे सांगतो. पत्रावळींची गोष्ट त्यानंतर येते, आणि ती कुठून आली तेही सांगतो.