'आईचं अधिकारपत्र आणा': या वाक्यामागचा दीडशे वर्षांचा संशय

तहसील कचेरीत किंवा नगरपालिकेत आईच्या, काकांच्या, सासूबाईंच्या कागदासाठी गेलात की खिडकीतून एक प्रश्न हमखास येतो, "त्या स्वतः का नाही आल्या? अधिकारपत्र आहे का?" आपल्याला राग येतो. सख्खा मुलगा समोर उभा आहे आणि हे कागद मागतायत! पण मंडळी, इतिहास असा आहे की हा प्रश्न परक्या माणसांमुळे नाही, घरच्या माणसांमुळेच निर्माण झाला.

आधी शब्दांचं बघू. 'मुखत्यार' हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला शब्द, मूळ अर्थ 'निवडलेला'. 'कुल' म्हणजे सगळं. म्हणून कुलमुखत्यार म्हणजे ज्याला सगळंच करायची मुभा दिली तो, आणि खास मुखत्यार म्हणजे नेमून दिलेल्या कामापुरता. 'वकील' हाही मुळात कोर्टातला माणूस नव्हे, तर दुसऱ्याच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी. पेशव्यांचे दिल्लीतले हिंगणे हे त्या अर्थाने वकील होते. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने जाऊन काम करणं आपल्याला नवं नाही. नवी आली ती इंग्रजी कचेरी. तिथला साहेब गावातल्या कुणालाच चेहऱ्याने ओळखत नव्हता. पाटलाच्या चावडीत "हा अमक्याचा पोरगा" एवढं पुरायचं, कचेरीत कागद लागू लागला.

या कागदातली मेख कशात आहे ते दाखवणारा एक खटला कलकत्त्याचा आहे. शम्सुन्निसा बेगम या पडद्यात राहणाऱ्या बाई. त्यांच्याकडे सरकारी कर्जरोखे होते, त्यांचं व्याज आणायला कचेरीत जाणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी रोख्यांच्या पाठीवर सही करून ते नवऱ्याच्या, मुनशी बझलूर रहीम यांच्या हाती दिले. पुढे बिनसलं, बाई घर सोडून गेल्या आणि रोखे परत मागितले. नवरा म्हणाला, हे मी पैसे देऊन विकत घेतलेत, ही बघा तुमचीच सही. सही खरी होती! प्रश्न एवढाच होता की ती सही 'व्याज आणून द्या' यासाठी होती की 'हे तुम्हाला दिले' यासाठी. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १८६७ साली निकाल बाईंच्या बाजूने लागला. नुसती सही दाखवून भागणार नाही, खरोखर किंमत देऊन व्यवहार झाला हे नवऱ्यानेच सिद्ध करावं, असं कोर्टाने म्हटलं. अशा बाईकडून ज्याला लाभ झाला, त्यानेच तो व्यवहार तिला समजला होता हे दाखवायचं, हे तत्त्व पुढे देशभरच्या कोर्टांत रुळलं.

दुसरा संशय पेन्शनवरून आला. बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा अधिकारी होता. १८५८ मध्ये त्याने जंगीपूरला एका कंत्राटदाराच्या करारावर सहीबरोबर अख्ख्या हाताचा ठसा घेतला होता. १८७७ च्या सुमारास हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने पेन्शनरांचे आणि दस्तनोंदणीला येणाऱ्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. कारण साधं होतं. म्हातारा गेला तरी त्याच्या नावाने दुसराच कुणीतरी पेन्शन उचलू शकत होता. आज नोव्हेंबरमध्ये आजोबांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यामागे हीच शंका आहे.

म्हणजे खिडकीतल्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात. अधिकार देणारा हयात आहे ना, आणि त्याने नेमका कशाचा अधिकार दिला. १८७२ च्या करार कायद्यात या दोन्हींची उत्तरं आहेत. प्रतिनिधीला दिलेल्या कामाच्या बाहेर जाता येत नाही. आणि देणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, अधिकारही संपतो. वडिलांनी मार्चमध्ये दिलेलं पत्र ते एप्रिलमध्ये गेले की निकामी. तेच पत्र मे महिन्यात पुढे करणं म्हणजे चूक नव्हे, फसवणूक धरली जाऊ शकते. तिथून पुढे मुलगा प्रतिनिधी नसतो, वारस असतो, आणि अर्ज त्या नात्याने करायचा.

आता आजचं उदाहरण घेऊ. वडील गेले. आई ७८ वर्षांची, कराडजवळच्या गावात. मुलगा पुण्यात, दोन मुली सासरी. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची आहे. तलाठी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. फाईल कुठे अडली हे विचारायला मुलगा जाणार. त्याला किती अधिकार लागतो? एवढाच:

"मी, (नाव, वय, पत्ता), माझा मुलगा (नाव, पत्ता) यास फेरफार अर्ज, आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, याची सद्यस्थिती विचारणे, त्रुटीचे पत्र घेणे व नकला घेणे एवढ्याच कामासाठी अधिकार देत आहे. माझ्या वतीने जबाब, संमती वा हक्कसोड देण्याचा आणि नोटीस स्वीकारण्याचा अधिकार यात नाही. हे पत्र दिनांक अमुकपर्यंत चालेल."

खाली आईची सही, त्याशेजारी मुलाची नमुना सही, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. आई अंगठा देत असेल तर पत्र तिला वाचून दाखवल्याचं लिहावं आणि घरातल्या लाभाशी संबंध नसलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. नकला आणि विचारपूस यासाठी बऱ्याच कचेऱ्या साध्या कागदावरचं पत्र घेतात, काही ठिकाणी ठरलेला नमुना असतो, तो आधी विचारून घ्या. आणि नुसता सातबारा हवा असेल तर पत्राचीही गरज नाही, डिजिटल सहीचा उतारा कुणालाही ऑनलाइन काढता येतो.

नोटीस मुद्दाम वगळली आहे. ती मुलाने घेतली आणि घरी सांगितलंच नाही, तर आईचे हरकतीचे १५ दिवस तिच्या नकळत निघून जातात. तसंच "माझ्या वतीने सर्व कामे करणे" हे एक वाक्य. टायपिस्ट सवयीने घालतो, आई सवयीने सही करते. एवढ्या एका ओळीने खास काम 'कुल' होऊ शकतं. नक्कल आणण्यासाठी कुणी स्टॅम्पवरचं, नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र मागत असेल, तर कशासाठी हे आधी विचारा. दस्त नोंदवायचा असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रीतसर मुखत्यारपत्र लागतं. पण माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर दुय्यम निबंधकाने घरी येऊन खात्री करण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. आईचा दस्त असेल तर आधी ती सोय मागा. साहेब घरी आला तर तो आईलाच विचारतो, "हे तुम्हाला मान्य आहे का?" शम्सुन्निसा बेगमना हा प्रश्न सही करताना कुणी विचारला नव्हता.