मनीची ती सकाळ

ताई, दादा,

तुमच्या मांजरीच्या, मनीच्या शवविच्छेदनाचा अहवाल काल आला. दादा चाकणहून धावत पोहोचले तेव्हा मला नीट काही सांगता आलं नव्हतं. म्हणून ती सकाळ जशी घडली तशी लिहितो.

पहाटे ५. दादा पहिल्या पाळीला निघाले. मनी ओरडत होती म्हणून ताईंनी तिला चमचाभर दूध दिलं. "त्यानंच झालं का हो?" असं ताईंनी मला दोनदा विचारलं. नाही ताई. दूध उलटून श्वासात गेलं असतं तर श्वासनलिकेत, फुफ्फुसात त्याची खूण सापडली असती. तशी काहीही सापडली नाही.

९.१०. नसबंदीआधीची तपासणी. वय ११ महिने, वजन २.८ किलो. हृदयाचे ठोके स्वच्छ, रक्ताचे अहवाल ठीक.

१०.०५. भुलीचं इंजेक्शन दिलं. मग श्वासनलिकेत नळी घालून ऑक्सिजन आणि आयसोफ्लुरेन सुरू केलं. नाडी १६४. गर्भाशय काढून झालं, रक्तस्राव नव्हता.

१०.३४. टाके घालत होतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ३८ वरून एकदम १२ वर आला. असा आकडा कोसळतो तेव्हा बहुधा रक्त फुफ्फुसापर्यंत पोहोचणंच थांबलेलं असतं. मांडीत नाडी लागेना. भूल बंद केली, छाती दाबायला घेतली, दर दोन मिनिटांनी हात बदलले, ॲड्रेनॅलिन दिलं.

१०.५६. थांबलो. ती गाढ भुलीत होती. तिला काही जाणवलं नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

११.१५. लाइनवर मोबाइल नसतो, म्हणून दादांना निरोप सुपरवायझरमार्फत गेला.

अहवाल सांगतो की तिच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत ८ मिलिमीटर जाड होती. मांजरात ती ६ च्या आत असते. भिंत अशी जाडावली की आतली जागा आक्रसते, रक्त पुरेसं भरत नाही, आणि ठोक्यांची लय अचानक बिघडू शकते. नेमका तो क्षण शवविच्छेदनात दिसत नाही, पण कारण हेच असावं. अशा कितीतरी मांजरांत स्टेथोस्कोपला काहीच ऐकू येत नाही. सोनोग्राफीनं, म्हणजे एकोनं, ते बहुधा दिसलं असतं; पण तरुण, खेळत्या मांजरीच्या नसबंदीआधी एको सहसा होत नाही. ब्रिटनमधल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात निरोगी मांजरांमध्ये भुलीशी जोडलेले मृत्यू सुमारे ९०० मध्ये एक होते. मनी वरून निरोगी होती. तुम्ही तिला आणलंत ते योग्यच होतं.

आता तिच्या सख्ख्या भावाबद्दल. हा आजार आनुवंशिक असू शकतो, म्हणून त्याची नसबंदी तूर्त थांबवू आणि आधी एको करू. तोवर तो गाढ झोपलेला असताना श्वास मोजा. मिनिटाला ३० च्या वर सतत जात असेल, किंवा तो तोंड उघडून धापा टाकत असेल, तर रात्री-अपरात्रीही फोन करा. पहिला एको चांगला आला तरी वर्षभरानं पुन्हा करावा लागेल. भिंत पुढेही जाडावू शकते.

तुमचा,
डॉक्टर