कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली कसा गेला? कॉन्टँगो, बॅकवर्डेशन आणि गोदामभाड्याचं गणित

20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. म्हणजे एक बॅरल (सुमारे 159 लिटर) तेल दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी विक्रेता वरून 37 डॉलर मोजत होता. गंमत म्हणजे त्याच दिवशी जून महिन्याचा वायदा 20 डॉलरच्या आसपास होता. तेल तेच, फक्त महिना वेगळा. मग इतका फरक कसा?

वायदा म्हणजे ठरावीक माल ठरावीक महिन्यात आज ठरलेल्या भावाने देण्या-घेण्याचा करार. पुढच्या महिन्यांचा भाव आजच्या हजर भावापेक्षा जास्त असेल, तर त्या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात. पुढचा भाव कमी असेल, तर ते बॅकवर्डेशन.

पुढचा भाव जास्त म्हणजे बाजाराला तेजी अपेक्षित आहे, असं अनेकांना वाटतं. पण बऱ्याचदा तो फरक म्हणजे निव्वळ साठवणुकीचा खर्च असतो. समजा, आज तेल 20 डॉलरला मिळतंय आणि तीन महिन्यांनंतरचा वायदा 26 डॉलरला आहे. टाकीचं भाडं, विमा आणि अडकलेल्या पैशांवरचं व्याज मिळून तीन महिन्यांचा खर्च 3 डॉलर येतो. मग व्यापारी आज तेल घेऊन टाकीत भरतो आणि त्याच वेळी 26 डॉलरने वायदा विकून टाकतो. भाव पुढे काहीही होवो, त्याचे 3 डॉलर पक्के. हे दिसताच इतरही तेच करतात. खरेदीमुळे आजचा भाव चढतो, विक्रीमुळे पुढचा उतरतो आणि फरक 3 डॉलरच्या आसपास येऊन थांबतो. थोडक्यात, कॉन्टँगोला साठवणुकीच्या खर्चाचं छप्पर असतं.

अर्थात, हे छप्पर टाकी रिकामी असेपर्यंतच टिकतं.

अमेरिकेच्या या वायद्यात तेलाची डिलिव्हरी ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग या गावी घ्यावी लागते. तिथे टाक्यांची मोठी वसाहत आहे. लॉकडाऊनमुळे गाड्या आणि विमानं थांबली, तेलविहिरी मात्र लगेच थांबवता येत नाहीत. एप्रिलच्या मध्यापर्यंत कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि उरलेली जागा आधीच कुणीतरी भाड्याने घेऊन ठेवली होती. मे महिन्याच्या वायद्याची मुदत 21 एप्रिलला संपणार होती. तोपर्यंत वायदा विकला नाही, तर एका करारामागे 1,000 बॅरल तेल ताब्यात घ्यायचं. ठेवायचं कुठे? ज्यांच्याकडे टाकी नव्हती, त्यांनी मिळेल त्या भावाने सुटका करून घेतली. जून महिन्याच्या वायदेधारकांकडे आणखी महिनाभर वेळ होता, म्हणून तो भाव टिकला.

याचा फटका मुंबईतही बसला. एमसीएक्सवरचा कच्च्या तेलाचा वायदा अमेरिकेतल्या भावाशी जोडलेला आहे. इथे तेल ताब्यात घ्यावं लागत नाही, हिशोब रोखीने होतो. पण लॉकडाऊनमुळे एमसीएक्स तेव्हा संध्याकाळी 5 वाजता बंद होत असे आणि अमेरिकेतली पडझड भारतीय वेळेनुसार रात्री झाली. 5 वाजता 965 रुपयांच्या आसपास असलेल्या वायद्याची सेटलमेंट शेवटी उणे 2,884 रुपयांनी झाली. 100 बॅरलच्या एका लॉटमागे खरेदीदाराचं नुकसान जवळपास 3 लाख 85 हजार रुपये आणि मध्ये बाहेर पडायची संधीच नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

बॅकवर्डेशनमध्ये उलटं घडतं. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तेल लगेच हवं असलेले रिफायनरीवाले जास्त भाव मोजायला तयार होते. आजचा भाव पुढच्या महिन्यांपेक्षा बराच वर गेला. याला छप्पर नसतं, कारण पुढच्या महिन्यातलं तेल आज आणून विकता येत नाही. टंचाई जितकी तीव्र, तितका फरक मोठा. टाकीत साठा असलेल्यालाही तो आत्ताच विकणं परवडतं, त्यामुळे टाक्या रिकाम्या होऊ लागतात.

सामान्य गुंतवणूकदाराला हे कळतं ते वायदा पुढच्या महिन्यात नेताना, म्हणजे रोलओव्हर करताना. समजा, कॉन्टँगोत चालू महिन्याचा वायदा 20 ला विकून पुढचा 21 ला घेतला आणि हजर भाव 20 वरच राहिला. तर मुदत संपेपर्यंत 21 चा वायदाही घसरत 20 वर येतो आणि तेल स्वस्त न होताही बॅरलमागे एक डॉलर जातो. दर महिन्याला हेच घडलं, तर तेलाचा आलेख सपाट दिसतो आणि गुंतवणूक मात्र झिजत जाते. म्हणून फक्त ‘तेलाचा भाव’ पाहून भागत नाही. एक्सचेंजच्या वेबसाइटवर वेगवेगळ्या महिन्यांच्या वायद्यांचे भाव एकाखाली एक दिलेले असतात. ते वाढत जातायत की उतरत, हे पाहायला एक मिनिट पुरतं.