कुलाब्याची सुई, अलिबागची सुई

नागपुरात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळत नाही. म्हणून दिक्पात आपल्याला पुस्तकी वाटतो. पण लंडनची सुई बघा: 1580 मध्ये सुमारे 11 अंश पूर्वेला, 1634 मध्ये जेमतेम 4. पृथ्वीचं चुंबकत्व येतं 2900 किमी खाली वाहणाऱ्या वितळलेल्या लोखंडातून. हे क्षेत्र पृथ्वीच्या अक्षाशी नीट जुळत नाही, म्हणून सुई तिरकी. आणि प्रवाह बदलत राहतो, म्हणून कोनही बदलतो.

आता मुंबईचा पेच. कुलाबा वेधशाळेत 1840 च्या दशकापासून हा कोन मोजत होते. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विजेने नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी काम अलिबागला हलवलं. पण एकदम नाही! 1904 ते 1906 दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या. का? जागा बदलली की कोनही थोडा बदलतो. कुलाबा बंद करून मग अलिबाग सुरू केलं असतं, तर फरक जागेचा की काळाचा, हे कळलंच नसतं. एकाच वेळच्या दोन नोंदींची वजाबाकी केली की उरतो तो जागेचा (आणि यंत्रांचा) फरक. तो जुन्या आकड्यांना लावला की मालिका सलग होते.