एक वाक्य, दोन ग्रंथालये : कोडेक्स सिनायटिकसचा करार आणि विभागलेली संहिता

ग्रीक बायबलमधील तोबीतच्या कथेत दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तोबीत सणाच्या जेवणाला बसतो आणि पुढ्यातील पदार्थ पाहून मुलाला सांगतो की, आपल्या बंदिवान बांधवांपैकी एखादा गरीब भेटला तर त्याला जेवायला घेऊन ये. ही कथा दोन प्रमुख ग्रीक रूपांत आढळते, एक संक्षिप्त आणि एक विस्तृत. विस्तृत रूपाची ग्रीकमधील जवळजवळ संपूर्ण म्हणता येईल अशी प्रत एकच आहे. ती म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकातील, ‘कोडेक्स सिनायटिकस’ या नावाने ओळखले जाणारे चर्मपत्रांवरील हस्तलिखित. कुम्रान येथे सापडलेले या कथेचे अरॅमिक आणि हिब्रू तुकडे बहुतांशी याच विस्तृत रूपाशी जुळतात, त्यामुळे या प्रतीचे साक्षीमूल्य विसाव्या शतकात अधिकच वाढले. परंतु प्रत्यक्ष हस्तलिखितात वर उल्लेखिलेल्या वचनाचा आरंभ लाइपझिग येथील विद्यापीठ ग्रंथालयात आहे आणि उरलेला भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाचीही हीच गत आहे, फक्त दिशा उलटी. तेथे पूर्वार्ध लंडनला आहे आणि पंचविसाव्या वचनापासूनचा भाग लाइपझिगला.

ही विभागणी कोणा लेखनिकाने किंवा संपादकाने केलेली नाही. ती झाली 1844 साली. त्या वर्षी लाइपझिगचा तरुण पंडित कॉन्स्टंटिन टिशेन्डॉर्फ सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरीनच्या मठात गेला आणि तेथून 43 पाने घेऊन परतला. सॅक्सनीच्या राजाच्या नावाने ‘कोडेक्स फ्रिडेरिको-ऑगस्टानुस’ असे नामकरण करून ती त्याने 1846 मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे 1846 ते 1862 या काळात युरोपातील अभ्यासकांपुढे विस्तृत तोबीतचा केवळ आरंभ होता. पुढचा मजकूर मठात असूनही विद्वज्जगाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नव्हता. आपण ही पाने जाळण्यासाठी ठेवलेल्या टोपलीतून वाचवली, असे टिशेन्डॉर्फने नंतरच्या वर्षांत सांगितले. मठाला ही कथा कधीच मान्य झालेली नाही. चर्मपत्र जळणासाठी फारसे उपयोगी नसते, हा त्यावरचा जुना आक्षेप अगदीच टाकाऊ नाही.

फेब्रुवारी 1859 मध्ये टिशेन्डॉर्फ तिसऱ्यांदा मठात आला तो रशियाच्या झारच्या आश्रयाने. या वेळी त्याला आणखी 347 पाने पाहायला मिळाली. ती प्रथम कैरोत नकलून घेण्यासाठी नेण्यात आली आणि मग 28 सप्टेंबर 1859 रोजी टिशेन्डॉर्फच्या सहीच्या पावतीवर रशियाला न्यायला दिली गेली. मागणी होताच हस्तलिखित सुस्थितीत परत केले जाईल, असा तिचा आशय आहे. त्या पावतीत रशियन राजदूत लोबानोव यांच्या ज्या पत्राचा हवाला आहे, त्यात औपचारिक दान होईपर्यंत मालकी मठाचीच राहील असे स्पष्ट मान्य केलेले होते. दहा वर्षांनी, नोव्हेंबर 1869 मध्ये, आर्चबिशप कॅलिस्ट्राटॉस आणि मठाची सभा यांनी दानपत्रावर सह्या केल्या. या दोन कागदांमधल्या दशकात मठाच्या आर्चबिशपपदावरून तीव्र वाद झाला, एक आर्चबिशप पदच्युत झाला, दुसऱ्याला मान्यता मिळवावी लागली आणि या सर्व व्यवहारात रशियन मुत्सद्देगिरीचे वजन पडत राहिले. दानपत्र आहे म्हणून दान मुक्त मनाने झाले, असे या पार्श्वभूमीवर सहज म्हणता येत नाही. तसेच पावती आहे म्हणून पुढचे दानपत्र नाहीसे होते, असेही नाही. पुढे 1933 मध्ये सोव्हिएत सरकारने ही पाने एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकली आणि त्यातील मोठा वाटा ब्रिटिश जनतेच्या वर्गणीतून उभा राहिला.

मठाकडे काहीच उरले नाही अशी समजूत मे 1975 पर्यंत होती. त्या महिन्यात मठाच्या उत्तरेकडील तटबंदीतली एक बुजलेली खोली उघडली गेली आणि हस्तलिखितांच्या मोठ्या ढिगात याच ग्रंथाची 12 पाने व अनेक तुकडे सापडले. या शोधाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तोवर मठ केवळ हक्क सांगणारा, वस्तू गमावलेला पक्ष होता. आता तो धारकही झाला. संहिता पुरी करायची असेल तर त्याच्या संमतीवाचून गत्यंतर उरले नाही.

9 मार्च 2005 रोजी झालेला करार या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्यावर चार संस्थांच्या सह्या आहेत : ब्रिटिश लायब्ररी, लाइपझिग विद्यापीठाचे ग्रंथालय, संत कॅथरीनचा मठ आणि सेंट पीटर्सबर्ग येथील रशियाचे राष्ट्रीय ग्रंथालय. शेवटच्या संस्थेकडे काही पानांचे तुकडेच आहेत. कामाचे चार भाग ठरले. पानांचे जतन आणि त्यांच्या भौतिक स्थितीची नोंद, छायाचित्रण, संपूर्ण मजकुराचे लिप्यंतरण आणि या सर्वाचे जाहीर प्रकाशन. लिप्यंतरणाचा भार बर्मिंगहॅम विद्यापीठातील संहिता-संपादनाच्या संस्थेने डेव्हिड पार्कर यांच्या मार्गदर्शनाखाली उचलला. अशा सहकार्यात इतके अपेक्षितच असते. या कराराचे वेगळेपण एका अन्य कलमात आहे. ग्रंथाच्या आधुनिक इतिहासाचे संशोधन करून त्याचे कागदपत्रांवर आधारलेले वस्तुनिष्ठ निवेदन सिद्ध करण्याची जबाबदारीही पक्षांनी एकत्रितपणे स्वीकारली. ज्या घटनांवरून त्यांच्यात दीडशे वर्षे मतभेद होते, त्यांचेच संयुक्त लेखन करायचे होते.

पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या संयुक्त निवेदनाची रचना समीक्षकाने पाहण्यासारखी आहे. 1859 ची पावती आणि 1869 चे दानपत्र दोन्ही त्यात शेजारीशेजारी येतात, पण एकाने दुसऱ्याचे निराकरण होत नाही. 1844 पासूनच्या घटना पूर्णपणे ज्ञात नाहीत आणि म्हणून त्यांचे परस्परविरोधी अर्थ लावले जातात, एवढे सर्व पक्ष मान्य करतात आणि तेथेच थांबतात. येथे कर्तरी प्रयोग जपून वापरावे लागतात. पाने ‘घेतली’, ‘मिळाली’ की ‘दिली गेली’, या क्रियापदांच्या निवडीतच खटल्याचा निकाल दडलेला असतो. पाठचिकित्सक ज्याप्रमाणे दोन पाठांपैकी एकाची निवड करता येत नसेल तर दोन्ही नोंदवून ठेवतो, त्याचप्रमाणे या निवेदनाने इतिहासाचे दोन पाठ राखले आहेत. याला पळवाट म्हणणारे आहेत. मात्र मालकीचा निर्णय ही पूर्वअट ठेवली असती, तर एकाही पानाचे छायाचित्र निघाले नसते, हेही तितकेच खरे. मालकी, धारणा आणि संहिता या तीन गोष्टी कराराने एकमेकींपासून सोडवल्या आणि केवळ तिसरी सामायिक केली.

संहिता सामायिक झाल्याने अभ्यासकाच्या हाती नेमके काय आले, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. या हस्तलिखितात एज्राच्या ग्रंथाच्या जागी अचानक पहिल्या इतिहासाचा मजकूर लागतो आणि त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील सतराव्या वचनापाशी, कोणतीही मोकळी जागा न सोडता, एज्राच्या नवव्या अध्यायातील नववे वचन सुरू होते. लेखनिकाला काही खटकलेले दिसत नाही. याचा उलगडा असा की, त्याच्यासमोरच्या मूळ प्रतीतच पाने भलत्या जागी बांधली गेली होती आणि त्याने समोर आले ते उतरवून काढले. पुढे एका दुरुस्तीकाराच्या हे लक्षात आले. त्याने तीन क्रूसांची खूण करून समासात टीप लिहिली की, या खुणेपर्यंतची सात पाने जादा आहेत, ती एज्राची नव्हेत. आता ही आगंतुक पाने पाहायची तर नवव्या अध्यायातील सत्ताविसाव्या वचनापासून अकराव्यातील बाविसाव्यापर्यंतचा भाग लंडनमध्ये आहे, तेथून पुढचा भाग आणि दुरुस्तीकाराची टीप लाइपझिगमध्ये. चूक एका शहरात सुरू होते आणि दुसऱ्या शहरात तिचा खुलासा होतो. आरंभीचा भाग हरवलेला असल्याने ‘सात’ हा आकडा शेवटपर्यंत पडताळता येत नाही. परंतु उपलब्ध पाने एका ओळीत लावून टीपकाराची मोजणी तपासणे प्रथमच कोणाही वाचकाच्या आवाक्यात आले.

जुलै 2009 मध्ये उपलब्ध पानांचे जाहीर प्रकाशन पूर्ण झाले तेव्हा त्यात प्रत्येक पानाची दोन प्रकारची छायाचित्रे ठेवण्यात आली. एक नेहमीच्या प्रकाशातले आणि दुसरे एका बाजूने तिरकस प्रकाश टाकून घेतलेले. दुसऱ्या प्रकारात शाई फिकी वाटते, पण चर्मपत्राच्या सुरकुत्या, आखणीच्या रेषा आणि खरवडून काढलेल्या जागा उठून दिसतात. खाडाखोड शोधणाऱ्याला पहिल्यापेक्षा हेच चित्र अधिक उपयोगी पडते. लिप्यंतरणातील शब्द निवडला की छायाचित्रातील त्याची जागा दर्शवली जाते आणि मूळ लेखनिकाचा पाठ व नंतरच्या हातांच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या पाहता येतात. हजारो दुरुस्त्या असलेल्या या प्रतीला ‘एक पाठ’ नाहीच, ही गोष्ट छापील आवृत्तीच्या तळटिपांपेक्षा येथे फार लवकर पटते.

या एकत्रीकरणात एक धोकाही आहे आणि तो सुबकतेचा आहे. चार ठिकाणची पाने वेगवेगळ्या हवामानात, वेगवेगळ्या हाताळणीतून गेलेली आहेत. पडद्यावर ती सलग उलटता येऊ लागली की, मधली फाटाफूट जणू कधी घडलीच नाही असा आभास होतो. प्रत्येक पानाबरोबर त्याच्या धारक ग्रंथालयाचे नाव आणि पत्रांक दिलेला आहे, ही बारीक नोंद म्हणूनच मोलाची आहे. तोबीतचे ते वाक्य वाचताना पानाच्या माथ्यावरील नाव बदलते आणि वाचकाला 1844 साल ओलांडावे लागते. मठाच्या दृष्टीने पाहिले तर हा तपशील म्हणजे त्याच्या दाव्याची न बोलता केलेली नोंद आहे. लाइपझिगच्या दृष्टीने तो धारणेचा पुरावा. एकाच अक्षरांचे दोन अर्थ लागतात आणि कराराने ते दोन्ही लागू दिले आहेत.

प्रकाशनाने काम बंद झाले असेही नाही. 2009 मध्येच मठातील एका पुस्तकाच्या बांधणीत, मजबुतीसाठी वापरलेल्या जुन्या चर्मपत्राच्या स्वरूपात, याच ग्रंथाचा आणखी एक तुकडा ओळखू आला. बांधणीतून तो सोडवावा की आहे तसाच ठेवावा, हा प्रश्न त्याबरोबरच आला. सोडवला तर चौथ्या शतकातील ग्रंथाचा एक अंश वाचता येतो, पण ज्या पुस्तकाने तो आजवर सांभाळला त्याची बांधणी मोडते.