लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा खर्च
४. गणपतीच्या लेण्याशेजारचे हे चैत्यगृह (लेणे क्र. ६) राजाने खोदवलेले नाही. ते कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान, असे तेथला ब्राह्मी लेख सांगतो. युरोपातल्या कॅथेड्रलांना व्यावसायिकांच्या संघांनी हातभार लावला, तसा जुन्नरला श्रेणींनी लावला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. त्याहून मोलाचे काम मला ठेवींचे वाटते. खोदकामाचा खर्च एकदाच होई, भिक्षूंचा मात्र रोजचा. म्हणून दाते श्रेणीकडे कायमची ठेव ठेवत. मुद्दल शाबूत राही, उत्पन्न भिक्षुसंघाला मिळे. जुन्नरच्या एका लेखात बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींवर अशी जबाबदारी आहे. श्रेणी मोडली की हे उत्पन्नही थांबणारच.